एकाच शेअरमध्ये अडकलेली पुंजी: जवळजवळ बिनखर्चाची कॉलर कशी बांधायची

समजा एका बाईंकडे त्या जिथे नोकरी करतात त्या कंपनीचे ५,००० शेअर आहेत. आजचा भाव १,०००, म्हणजे एकूण ५० लाख. बाकीची बचत याच्या पाव हिस्साही नाही. साडेतीन महिन्यांनी त्यांना ४० लाखांचं एक देणं भागवायचं आहे, तारीख ठरलेली आहे. शेअर आजच विकता येतील, पण मग कर याच वर्षात भरावा लागेल. नवं करवर्ष सुरू झाल्यावर विकले तर तो बराच कमी बसेल. म्हणून तीन महिने थांबायचं आहे, आणि नेमक्या याच तीन महिन्यांत भाव २५-३० टक्क्यांनी कोसळला तर देणं भागणार नाही.

कॉलर ही अशा माणसासाठी आहे. हातातल्या शेअरवर खालच्या भावाचा पुट ऑप्शन विकत घ्यायचा, म्हणजे त्या भावाला शेअर विकण्याचा हक्क मिळतो. त्याचे पैसे उभे करण्यासाठी वरच्या भावाचा कॉल ऑप्शन विकायचा, म्हणजे त्या भावाच्या वरची वाढ दुसऱ्याला देऊन टाकायची. कॉलचा मिळालेला प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, पुटच्या प्रीमियमइतका असला की खिशातून जवळजवळ काही जात नाही.

‘बिनखर्चाची’ म्हणजे ‘फुकट’ नव्हे, हे सुरुवातीलाच मनात पक्कं करावं. किंमत दोनदा मोजावी लागते: एकदा सोडून दिलेल्या वाढीच्या रूपात, आणि भाव खूप वाढला तर दुसऱ्यांदा रोख पैशांच्या रूपात. पहिली बहुतेकांना कळते. दुसरी कळलेली नसते, आणि चांगल्या बांधलेल्या कॉलरही तिथेच मोडतात. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट. जिला शेवटची तारीख नाही अशी कॉलर मला पटत नाही. ‘शेअर विकवत नाहीत, म्हणून दर तीन महिन्यांनी कॉलर बांधत राहू’ असा विचार असेल तर थोडे थोडे शेअर विकणं जास्त सरळ आणि स्वस्त पडतं. कॉलर वेळ विकत घेऊन देते. त्या वेळेनंतर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं.

आधी तीन परवानग्या तपासा

पहिली परवानगी कंपनीची. बऱ्याच कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना, विशेषतः वरच्या पदावरच्यांना, कंपनीच्या शेअरवर ऑप्शनचे व्यवहार करू देत नाहीत. निकालाच्या आधी व्यवहारबंदीचा काळ असतो, तोही पाहावा. इथे चूक झाली तर प्रश्न नफ्यातोट्यापुरता राहत नाही, नोकरीवर येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शेअर खरोखर मोकळे आहेत का. काही शेअर लॉक-इनमध्ये असतील किंवा कर्जासाठी तारण ठेवलेले असतील, तर कॉल अंगावर आल्यावर, म्हणजे समोरच्याने शेअर मागितल्यावर, ते देता येणार नाहीत. कॉल फक्त मोकळ्या शेअरवरच विकावा.

तिसरा कर, आणि इथे जरा थांबायला हवं. काही देशांत फार घट्ट कॉलर बांधली की कायदा तिलाच विक्री मानतो. अमेरिकेत १९९७ पासून असा नियम आहे: नुकसानीची शक्यता आणि नफ्याची शक्यता, दोन्ही जवळजवळ संपवणारा व्यवहार केला तर शेअर हातात असूनही ते विकल्याप्रमाणे कर लागू शकतो. म्हणजे ज्या कारणासाठी थांबलो तेच हातून जातं. दुसरा सापळा धारण-काळाचा. शेअर दीर्घकालीन ठरायला दोन-तीन महिने उरलेले असताना पुट घेतला, तर तिथल्याच नियमांनुसार ती मोजणी थांबते आणि आधी मोजलेले महिनेही वाया जाऊ शकतात. आपल्या उदाहरणातल्या बाई कित्येक वर्षांपासूनच्या भागधारक आहेत, त्यांना फक्त विक्रीचं वर्ष बदलायचं आहे, म्हणून हा दुसरा सापळा त्यांना लागू नाही. तरीही ऑर्डर टाकण्याच्या आधी कर सल्लागाराला दोन प्रश्न लेखी विचारावेत: या दोन स्ट्राइकची, म्हणजे पुट आणि कॉलच्या ठरलेल्या भावांची, कॉलर विक्री मानली जाईल का, आणि तिने धारण-काळ बदलेल का.

खालचा भाव गरजेतून काढा

बहुतेक जण ‘दहा टक्के खाली, दहा टक्के वर’ असं गोल माप घेऊन बसतात. मी उलटा हिशोब करतो. देणं ४० लाख. शेअर विकल्यावर कर आणि खर्च मिळून अंदाजे ४ लाख जातील. म्हणजे विक्रीतून निदान ४४ लाख यायला हवेत. ४४ लाख भागिले ५,००० शेअर, म्हणजे ८८० हा भाव. याच्या खाली गेलं तर देणं बुडतं, याच्या वर राहिलं तर निभावतं. थोडी ऐसपैस जागा म्हणून एक पायरी वरचा, ९०० चा पुट घेऊ. त्यावर ४५ लाखांची तळरेषा मिळते.

असा हिशोब केला की ९४० किंवा ९६० चा पुट घेण्याचा मोह कमी होतो. तळ जितका वर न्याल तितकं छत खाली येतं, कारण महाग पुटचे पैसे जवळच्या कॉलमधूनच उभे राहतात. ज्या संरक्षणाची गरज नाही त्यासाठी वाढ सोडून देण्यात अर्थ नाही.

मुदतही गरजेतूनच ठरते. शेअर विकण्याचा दिवस ज्या एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवसाच्या, आत किंवा अगदी जवळ येतो, ती एक्सपायरी घ्यायची. इथे तीन महिन्यांची. करवर्ष एक्सपायरीच्या दहा दिवसांनंतर सुरू होत असेल तर पुढचीच एक्सपायरी घ्यावी. मधले दहा दिवस उघडे सोडले तर सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय?

वरचा भाव बाजार देतो

आता ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या ऑप्शनच्या भावांची यादी, उघडा. आपल्या उदाहरणात स्ट्राइक वीस-वीसच्या अंतराने आहेत, आणि तीन महिन्यांच्या एक्सपायरीत हे भाव दिसताहेत:

| ऑप्शन | बिड | आस्क |
|---|---|---|
| ९०० पुट | २० | २२ |
| ९४० पुट | २९ | ३२ |
| १,०८० कॉल | २९ | ३२ |
| १,१०० कॉल | २३ | २५ |
| १,१२० कॉल | १९ | २१ |

पुट आपण घेणार, म्हणून त्याचा आस्क, म्हणजे विकणारा मागतो तो भाव, पाहायचा: २२. कॉल आपण विकणार, म्हणून त्याचा बिड, म्हणजे घेणारा देतो तो भाव: १,१०० ला २३, १,१२० ला १९. १,१०० चा कॉल विकला तर शेअरमागे १ हातात उरतो, १,१२० चा विकला तर ३ खिशातून जातात. ५,००० शेअरवर ते १५,००० होतात आणि छत वीसने वर जातं, म्हणजे जास्तीत जास्त एक लाखाची जादा वाढ आपल्याकडे राहते. दोन्ही निवडी योग्यच आहेत. शून्यावर अडून बसू नये असं मी मुद्दाम सांगतो, कारण ‘अगदी बिनखर्चाची’ हवी या हट्टापायी लोक पंधरा हजार वाचवून लाखाची जागा सोडतात. या बाईंना मात्र वाढीपेक्षा देणं महत्त्वाचं आहे, म्हणून त्यांच्यासाठी ९०० चा पुट घेऊ आणि १,१०० चा कॉल विकू.

९४० चा पुट घेतला असता तर? आस्क ३२. त्याचे पैसे काढायला १,०८० चा कॉल २९ ला विकावा लागतो आणि तरी ३ कमी पडतात. तळ चाळीसने वर, छत वीसने खाली, आणि हातात १ उरण्याऐवजी ३ खर्च.

शेअरच्या ऑप्शनमध्ये सहसा खालचे पुट त्याच अंतरावरच्या वरच्या कॉलपेक्षा तुलनेने महाग असतात, कारण घसरणीची भीती सगळ्यांनाच असते आणि पुटला मागणी जास्त येते. मुदतीत लाभांश येणार असेल तर पुट आणखी महागतात आणि कॉल स्वस्त होतात. व्याजदराचा परिणाम उलटा होतो, आणि मुदत लांबली की तो वाढत जातो. लांब मुदत आणि भरपूर चढउतार असलेला शेअर असेल तर छत किती लांब जाऊ शकतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मार्क क्यूबन यांची कॉलर. १९९९ मध्ये याहूने त्यांची ब्रॉडकास्ट डॉट कॉम ही कंपनी स्वतःचे शेअर देऊन विकत घेतली, आणि त्यांची जवळपास सगळी संपत्ती याहूच्या शेअरमध्ये येऊन बसली. भाव ९५ डॉलरच्या आसपास असताना त्यांनी ८५ चे पुट घेतले आणि २०५ चे कॉल विकले. पुढे भाव काही काळ २०५ च्याही वर गेला, आणि मग २००० च्या पडझडीत याहू कोसळला. तेव्हा त्या ८५ च्या तळानेच संपत्ती वाचवली. आपल्याला तीन महिन्यांत, मध्यम चढउताराच्या शेअरवर असं छत मिळणार नाही, आणि कोणी मिळेल म्हणत असेल तर कागद नीट वाचावा.

ऑर्डर टाकताना

आधी लॉटचं गणित. ऑप्शन सुटे मिळत नाहीत, ठरावीक शेअरच्या लॉटमध्ये मिळतात. इथे १०० चा लॉट धरला तर ५,००० शेअरला ५० पुट आणि ५० कॉल लागतात. शेअर ५,०४० असते तरी ५० च लॉट. वरचे ४० उघडे राहू द्यायचे. उलट बाजूला कधीही जायचं नाही. हातातल्या शेअरपेक्षा एका लॉटनेही जास्त कॉल विकला, तर त्या जादा लॉटवर वरच्या बाजूला नुकसानीला मर्यादा उरत नाही.

ब्रोकरकडे पुट आणि कॉल हे दोन्ही पाय एकाच ऑर्डरमध्ये टाकायची सोय असेल तर तीच वापरावी आणि एकत्रित भावावर लिमिट लावावी. वरच्या तक्त्यात पुटचा मधला भाव २१ आहे आणि कॉलचा २४, म्हणजे कागदावर ३ मिळायला हवेत. दोन्ही बाजूंचा वाईट भाव घेतला तर १ मिळतो. मी सुरुवात २ वर करतो, दहा-पंधरा मिनिटं थांबतो, मग १ वर येतो. पन्नास लॉट एकदम टाकण्यापेक्षा पाच-दहाच्या तुकड्यांनी टाकावेत, म्हणजे बाजारात किती खोली आहे ते कळतं.

एकत्रित ऑर्डरची सोय नसेल तर क्रम ठरलेला आहे: आधी पुट, मग तितकेच कॉल, असं तुकड्यातुकड्याने. एकदा मी कॉल आधी विकला, कारण त्याला बिड चांगला दिसत होता. पुटची ऑर्डर भरेपर्यंत शेअर दीड टक्का खाली आला, पुट महागला, आणि शून्यावर बसणारी कॉलर शेअरमागे चारला पडली. पुट आधी घेतला असता तर शेअर वर जाऊन कॉलला जास्त भाव मिळाला असता, किंवा खाली जाऊन कॉल थोडा स्वस्तात विकावा लागला असता. पण संरक्षण तरी हातात असतं.

बिड आणि आस्कमधलं अंतर प्रीमियमच्या १० टक्क्यांपेक्षा बरंच जास्त असेल, तर तो ऑप्शन पातळ आहे, म्हणजे त्यात फारसे व्यवहार होत नाहीत, असं समजावं. तीन महिन्यांचे ऑप्शन पातळ असतील तर एक महिन्याचे घेऊन दर महिन्याला पुढे ढकलता येतात. मात्र प्रत्येक वेळी तळ नव्याने, त्या दिवशीच्या भावावरून ठरतो. पहिल्या महिन्यात भाव ९२० वर आला तर दुसऱ्या महिन्यासाठी ९०० चा पुट फार महाग पडेल. ४५ लाखांची हमी हवी असेल तर एकच लांब मुदत बरी.

मार्जिनची, म्हणजे ब्रोकर हमी म्हणून मागतो त्या रकमेची, चौकशीही आधीच करून ठेवा. कॉलमागे शेअर आहेत हे आपल्याला माहीत असतं. ब्रोकरच्या यंत्रणेला ते माहीत असेलच असं नाही. काही ठिकाणी शेअर थेट कॉलला बांधून ठेवता येतात आणि मार्जिन लागत नाही. काही ठिकाणी ते तारण ठेवावे लागतात, त्यांच्या मूल्यात कपात होते, आणि भाव वाढत गेला की आणखी रोख मार्जिनची मागणी येते. ती वेळेवर भरली नाही तर ब्रोकर नेमका कॉल बंद करतो, तोही सगळ्यात महाग भावाला.

मधल्या दिवसांत काय दिसेल

कॉलर बांधल्यावर पहिल्याच महिन्यात लोक गोंधळतात. भाव १,००० वरून ९०० वर आला, म्हणजे तो तळावर पोहोचला. तरी खात्यात शंभराच्या नुकसानीपैकी निम्मंच भरून आलेलं दिसतं. आपल्या उदाहरणात महिनाभराने भाव ९०० असताना पुट २२ वरून साधारण ४८ वर गेलेला असेल आणि कॉल २३ वरून ३ वर आलेला असेल. पुटवर २६ आणि कॉलवर २०, मिळून ४६ चा फायदा. शेअरवर १०० चा तोटा. उरलं ५४ चं नुकसान. यात काहीही बिघडलेलं नाही. वरच्या बाजूलाही तसंच: भाव १,१०० झाला तर शंभरपैकी पन्नासेकच दिसतात, कारण विकलेला कॉल महागलेला असतो. तळ आणि छत दोन्ही एक्सपायरीच्या दिवशी खरे होतात. तोवर शेअर साधारण निम्म्या वेगाने हलतो आहे असं समजून चालावं.

घसरण झाल्यावर ‘पुटमध्ये नफा दिसतोय, काढून घेऊ’ असं मनात येतं. ते करू नये. पुट विकला की खाली पाहायला तळ उरत नाही, वरचं छत मात्र तसंच राहतं. याच्या उलट कृती मात्र शहाणपणाची आहे. कॉल २३ ला विकलेला आणि आता ३ ला मिळतोय, तर १५,००० खर्चून तो परत घ्यावा. पुट कायम राहतो, छत निघून जातं, आणि मुदतीत शेअर परत उसळला तर पूर्ण वाढ आपली. विकलेला ऑप्शन परत घेतल्याने घसरणीचा धोका वाढत नाही. घेतलेला पुट विकल्याने वाढतो. हा फरक लक्षात राहिला की मधल्या काळातले बहुतेक निर्णय सोपे होतात.

लाभांशाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. जिथे ऑप्शन मुदतीआधी वापरता येतात तिथे कॉलचा मालक लाभांश मिळवण्यासाठी आदल्या दिवशी शेअर मागू शकतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: त्याच स्ट्राइकच्या आणि त्याच मुदतीच्या पुटचा भाव पाहा. शेअर १,१८० वर आहे, लाभांश १५ येणार आहे आणि १,१०० चा पुट ६ ला मिळतोय, तर कॉल वापरला जाण्याची शक्यता मोठी आहे. पुट १५ पेक्षा बराच महाग असेल तर शक्यता कमी. आपल्या उदाहरणात हे करवर्ष बदलण्याआधी घडलं तर शेअर जुन्याच वर्षात विकले गेले असं होईल आणि सगळा हिशोब बिघडेल. म्हणून मुदतीत लाभांशाची तारीख येत असेल तर कॉल त्याआधी परत घेण्याची तयारी ठेवावी. जिथे ऑप्शन फक्त शेवटच्या दिवशीच वापरता येतो, तिथे ही चिंता नाही.

भाव १,३०० झाला तर

आता दुसऱ्या किमतीकडे येऊ. एक्सपायरीला भाव १,३०० आहे. कागदावर सगळं ठीक आहे: आपण १,१०० ला शेअर देऊ आणि ५५ लाख घेऊ. प्रत्यक्ष शेअर देऊन व्यवहार पुरा होतो तिथे नेमकं असंच होतं, आणि देणं भागवायला निघालेल्या बाईंना तेच हवं आहे, करवर्ष बदललेलं असेल तर.

पण व्यवहार रोखीत पुरा होत असेल, किंवा कॉलर बांधणाऱ्याला शेअर ठेवायचेच असतील, तर चित्र वेगळं दिसतं. कॉलवर शेअरमागे २०० द्यायचे आहेत, म्हणजे ५,००० शेअरवर १० लाख रोख, एक-दोन दिवसांत. शेअरचं मूल्य १५ लाखांनी वाढलं आहे, पण ते शेअरमध्ये आहे, खात्यात नाही. संपत्ती वाढलेली आणि पैसा नाही, या कोंडीत माणूस घाईने काहीतरी विकतो किंवा महाग कर्ज उचलतो. कॉल पुढे ढकलून ही रक्कम नाहीशी होत नाही. जुना कॉल २०० ला परत घ्यायलाच लागतो. त्याऐवजी नवा लांबचा कॉल विकून ते पैसे उभे करायचे म्हटलं तर नवा कॉल आजच्या भावापेक्षा बऱ्याच खालच्या स्ट्राइकचा विकावा लागतो, म्हणजे झालेली वाढ परत एकदा अडकवून ठेवायची.

यावर दोनच प्रामाणिक उत्तरं आहेत, आणि कॉलर बांधायच्या दिवशीच त्यातलं एक निवडून लिहून ठेवावं. एक म्हणजे शेअर जाऊ द्यायचे. दुसरं म्हणजे किती शेअर विकून ही रक्कम भागवायची ते आधीच मोजायचं: १० लाख भागिले १,३०० म्हणजे ७७० शेअर. त्यानंतर हातात ४,२३० शेअर, सुमारे ५५ लाखांचे. ज्याला हे ७७० शेअर कुठल्याही कारणाने विकता येणार नाहीत, त्याने सगळ्या शेअरवर कॉल विकू नये. अर्ध्याच शेअरवर कॉल विकावा आणि पुटचा उरलेला खर्च सरळ खिशातून द्यावा. इथे तो साडेदहा गुणिले पाच हजार, म्हणजे ५२,५०० होतो. पन्नास लाखांच्या पुंजीला तीन महिन्यांसाठी हे विम्याच्या हप्त्यासारखं आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

शेवटचा आठवडा

एक्सपायरीला आपल्या कॉलरमधून प्रत्येक शेअरमागे काय हाती येतं ते असं, सुरुवातीचा १ खर्चात गेला असं धरून:

| शेअरचा भाव | पुटमधून | कॉलवर | हाती |
|---|---|---|---|
| ७०० | +२०० | ० | ९०० |
| ९०० | ० | ० | ९०० |
| १,००० | ० | ० | १,००० |
| १,१०० | ० | ० | १,१०० |
| १,३०० | ० | −२०० | १,१०० |

भाव ७०० वर असेल तेव्हा एक बारीक गोष्ट पाहावी. पुटची खरी किंमत २०० आहे, पण इतका खोल गेलेला पुट कोणी घ्यायला फारसं उत्सुक नसतं, आणि स्क्रीनवर बिड १९४ दिसतो. घाईने तिथे विकला तर ५,००० शेअरवर ३०,००० सोडले. त्यापेक्षा पुट वापरावा किंवा सेटलमेंटपर्यंत थांबावं. मात्र तो आपोआप वापरला जातो की सूचना द्यावी लागते, आणि सूचना देण्याची शेवटची वेळ कोणती, हे ब्रोकरकडून आठवडाभर आधी लेखी घ्यावं. व्यवहार प्रत्यक्ष शेअर देऊन पुरा होत असेल तर पुट वापरणं म्हणजे शेअर ९०० ला विकणं; तेव्हा करवर्षाची तारीख पुन्हा एकदा तपासावी.

भाव १,१०० च्या अगदी जवळ घुटमळत असेल, म्हणजे १,०९५ ते १,१०५, तर शेवटच्या तासापर्यंत वाट पाहू नये. कॉल अंगावर येणार की नाही हे दुसऱ्या दिवशी कळतं आणि तोवर आपल्याला शेअर आहेत की गेले हेच माहीत नसतं. आदल्या दिवशी पाच-सात देऊन कॉल परत घ्यावा, करवर्ष उलटलेलं असेल तर शेअर आपल्या हाताने विकावेत, आणि ४० लाखांचं देणं ठरलेल्या तारखेला भागवावं.